शटरच्या पट्ट्या मोजताना

शटरच्या पट्ट्या मोजणारं गिऱ्हाईक मला आजवर एकच भेटलं. सहकारनगरमधल्या जुन्या बंगल्याच्या जागी नवा बंगला उभा राहायचा होता. आर्किटेक्ट मॅडमनी नकाशे दिले होते आणि समोरून घर कसं दिसेल त्याचं चित्र मी काढून दिलं होतं. चित्र म्हणजे रेंडर. कॉम्प्युटरमध्ये घर उभं करायचं, त्यावर ऊन पाडायचं, झाडं लावायची, गाडी उभी करायची आणि फोटो काढल्यासारखं छापून द्यायचं. पंधरा वर्षं मी हेच करते. माझ्या मते चित्र झकास झालं होतं. संध्याकाळचं ऊन होतं, गॅरेजला राखाडी रोलिंग शटर होतं, समोर चकाचक गाडी होती.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि नखाने खालून वर टिचक्या मारत मोजायला लागले. मग म्हणाले, "अगं, एकोणीस."

"काय एकोणीस, काका?"

"पट्ट्या. एक पट्टी तीन इंचाची. एकोणीस त्रिक सत्तावन्न. पावणेपाच फुटाचं दार केलंस तू माझ्या गॅरेजला. मी काय वाकून जाऊ?"

काकांचं रविवार पेठेत चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान होतं. रोज सकाळी शटर वर आणि रात्री खाली. माझ्या मॉडेलमध्ये दार सात फुटांचंच होतं, २१०० मिलिमीटर. पण शटर म्हणून मी एक तयार चित्र त्या चौकोनावर चिकटवलं होतं आणि ते भरून जाईल असं ताणलं होतं. त्यामुळे पट्टी पंचाहत्तर मिलिमीटरची राहिली नाही, एकशे दहाची झाली. दार खरं होतं, पण पट्ट्या खोट्या होत्या, आणि काकांनी दार पट्ट्यांवरूनच मोजलं. माझ्यासारखे पडद्यावर आकडे बघणारे सोडले तर सगळेच असं मोजतात. चित्रातलं दार किती उंच हे कोणी टेप लावून बघत नाही. ओळखीची वस्तू शोधतात आणि बाकीचं तिच्याशी ताडून बघतात. सात फुटी दाराला अठ्ठावीस पट्ट्या हव्यात. आठ फुटी, म्हणजे २४०० मिलिमीटरच्या दाराला बत्तीस.

मग त्यांनी बोट गाडीवर ठेवलं. "आणि ही गाडी कोणाची? आमच्या स्विफ्टच्या टपावर माझी हनुवटी टेकते. हिचा टप तर या माणसाच्या छातीशी येतोय."

तेही खरं होतं. लायब्ररीतून उतरवलेली गाडी त्या दारासमोर फार मोठी दिसत होती, म्हणून मी तिला थोडी लहान केली होती. किती केली तेही बघितलं नव्हतं. दिसायला बरी दिसेपर्यंत.

तिसरी चूक काकांनी काढली नाही, काकूंनी काढली. चहाचा कप ठेवताना त्या सहज म्हणाल्या, "आणि चढ कुठे गेला?" रस्त्यावरून आत यायला त्यांच्याकडे चांगला चढ होता. माझ्या चित्रात रस्ता, गेट, गॅरेज सगळं एका पातळीत, परातीसारखं सपाट. नकाशावर जोत्यापाशी +0.90 असं लिहिलेलं होतं. मी ते घराला लावलं आणि रस्त्यालाही तेवढंच वर उचललं, कारण सपाट जमिनीवर गाडी ठेवणं सोपं असतं.

तो कागद मी परत आणला. अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आधी शटरचं सांगते, कारण ते सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुकतं. (पुण्यात गॅरेज म्हटलं की पहिल्यांदा मिस्त्री, ग्रीस आणि उघडं बॉनेट आठवतं, इथे गॅरेज म्हणजे गाडी ठेवायची बंद खोली. बाजूंनी उघडं, वर छप्पर असेल तर तो पोर्च.) चित्रातलं शटर म्हणजे आडव्या रेघांचा चौकोन नव्हे. ते एक यंत्र आहे आणि त्याला जागा लागते. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, बाहेरच्या अंगाला किंचित फुगीर. दोन्ही बाजूंना लोखंडी गाईड असतात आणि पट्ट्यांची टोकं त्यांच्या आत सरकतात. तळाला जाड पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना कुलपाचे कोयंडे. आणि वर तो रोल, ज्याच्या पोटात स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढताना स्प्रिंग पिळली जाते, तीच वर जाताना वजन उचलते. म्हणून तर काकांसारखा सत्तरीचा माणूस एका हाताने शटर वर सारू शकतो.

तो रोल किती जाड होतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. आठ फूट लांब जाजम गुंडाळावं तसं ते. पट्टीची फुगीर जाडी साधारण पावणेदोन सेंटिमीटर धरली, आतल्या पाइप-स्प्रिंगचा गोळा तेरा सेंटिमीटर धरला, तर गुंडाळून झाल्यावर सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटरचा गोळा होतो. त्याभोवती डबा आणि हलायला जागा. म्हणजे दाराच्या वर फूट-सव्वा फूट जागा हवीच. चित्रात ती दाखवली नाही तर शटर वर गेल्यावर जातं कुठे, हे बघणाऱ्याला कळत नाही. कळत नाही म्हणजे शब्दांत सांगता येत नाही. पण दार कुठेतरी खोटं वाटत राहतं.

माझ्या पहिल्या चित्रात डबा नव्हता. तो कुठे बसेल म्हणून मॅडमच्या नकाशात बघितलं, तर तिथेही नव्हता. सात फुटाच्या उंचीवर लिंटेल आणि त्याखाली थेट दार. कामाच्या वेळी शटरवाला आला असता, मोकळी जागा बघितली असती आणि डबा लिंटेलखाली, दाराच्या आतच बसवून मोकळा झाला असता. मग २१०० मधून साडेतीनशे गेले, उरले १७५०. काकांची स्विफ्ट १५३० मिलिमीटर उंच, ती गेली असती. पण मुलाची इनोव्हा क्रिस्टा १७९५. दिवाळीला मुलगा आला असता तेव्हा साडेचार सेंटिमीटरचा शोध लागला असता. डबा लिंटेलच्या वर, भिंतीच्या आतल्या अंगाला बसवला की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी लिंटेल आणि वरच्या बीमच्या मध्ये तेवढी जागा आधीच ठेवावी लागते. मी मॅडमना फोन केला. त्या एक क्षण गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, चित्रातच सापडलं."

आता मी शटर चित्र चिकटवून करत नाही. एक पट्टी घडवते, पंचाहत्तर मिलिमीटरची, आणि तीच एकावर एक रचत जाते. शटर अर्धं उघडं दाखवायचं असेल तर वरच्या पट्ट्या काढून टाकते आणि उरलेल्या वर सरकवते. नवशिके सबंध शटरची उंची दाबून कमी करतात; मग पट्ट्या निम्म्या जाडीच्या होतात आणि शटर वर गेल्यासारखं न दिसता आटल्यासारखं दिसतं. खऱ्या शटरवर गाईडजवळ ग्रीसचे काळे डाग असतात. पट्ट्या अगदी ओळंब्यात नसतात, एखादी केसभर डावीकडे सरकलेली असते. लांबून बघताना मात्र या बारीक आडव्या रेघाच उपद्रव देतात. चित्र लहान आकारात काढलं तर रेघांमधून पाण्यावरच्या लाटांसारखे पट्टे उमटतात. ते दिसले की समजायचं, चित्राचा आकार वाढवून पुन्हा काढायला हवा.

गाडीचं प्रकरण जास्त फसवं. तयार गाड्यांची मॉडेलं फुकट मिळतात, विकतही मिळतात, पण ती कोणत्या मापात बनवलीत याचा भरवसा नसतो. कोणी इंचांत करतं, कोणी सेंटिमीटरमध्ये, कोणी नुसतं डोळ्यांनी. त्यातून बहुतेक मॉडेलं परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. आणि परदेशी साधी सेडानही साडेचार मीटरच्या पुढची असते. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांची लांबी मात्र चार मीटरच्या अलीकडे दाटीवाटीने उभी असते, आणि त्याला कारण कर आहे. २००६ साली चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि कंपन्यांनी गाड्यांच्या शेपट्या छाटल्या. २००८ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटरची होती, २०१२ साली तीच ३९९५ची झाली. पाच मिलिमीटर राखून. तेव्हा पुण्यातल्या बंगल्यापुढे जर्मन सेडान ठेवली की दोनच वाटा उरतात. खऱ्या मापात ठेवली तर गॅरेज लहान दिसतं, आणि लहान केली तर चाकं, काचा, दरवाजे सगळंच खेळण्यातलं होतं. मी दुसरी वाट धरली होती.

गाडी मापात आणायची तर मी लांबी मोजत नाही. बंपर आत-बाहेर असतात, मॉडेल करणाऱ्याने नंबर प्लेट जोडलेली असते, मागे टो-हुक असतो. मी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजते, म्हणजे व्हीलबेस. स्विफ्टचा तो २४५० मिलिमीटर आहे. SketchUp मध्ये गाडीच्या ग्रुपच्या आत शिरून Tape Measure ने ते दोन मध्य जोडायचे, 2450 टाइप करून Enter दाबायचं. सगळी गाडी त्या मापाला आणायची का, असं तो विचारतो, हो म्हणायचं. ग्रुपच्या आत शिरायचं विसरलं तर गाडीबरोबर घरही त्याच प्रमाणात बदलतं, हे मी एकदा केलेलं आहे. मग पडताळा म्हणून चाक मोजायचं. स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ टायरचा बाहेरचा व्यास सव्वासहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर येतो. व्हीलबेस बरोबर आणि चाक सातशेचं निघालं तर ते मॉडेल स्विफ्टचं नाही, स्विफ्टचा मुखवटा लावलेलं दुसरंच काहीतरी आहे, सोडून द्यायचं.

उंची मी पट्ट्यांवर बघते. सरळ समोरून, परिप्रेक्ष्य बंद करून, शटरच्या अगदी पुढ्यात सपाटीवर गाडी ठेवली तर स्विफ्टचा टप विसाव्या पट्टीच्या जरा वर यायला हवा आणि इनोव्हाचा चोविसाव्या पट्टीशी. ही युक्ती काकांची, मी फक्त उलटी वापरते.

रुंदीचा मामला काकांच्याच जुन्या गॅरेजने समजावला. ते पाडायच्या आधी मी बघायला गेले होते. सात फूट रुंद शटर, आत अजून तेलाचा वास. तिथे त्यांची फियाट असायची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. ती फियाट १४६० मिलिमीटर रुंद. २१३४च्या दारातून जाताना दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस सेंटिमीटर मोकळे, म्हणजे दीड वीत. स्विफ्ट १७३५, तिला वीस-वीस सेंटिमीटर. इनोव्हा १८३०, तिला पंधरा-पंधरा. आणि कंपनी देते ती रुंदी आरसे सोडून असते. आरसे उघडे असले की हे पंधरा सेंटिमीटर जवळजवळ संपतातच. काका म्हणाले, "स्विफ्ट घेतली त्या वर्षापासून ती बाहेरच. आत सायकली." डेक्कन, एरंडवणे, सहकारनगर अशा भागांत बंगल्यांची गॅरेजं बंद आणि गाड्या रस्त्यावर असं का दिसतं, याचं एक कारण एवढं साधं आहे. गाड्या वीतभर रुंद झाल्या, दारं तेवढीच राहिली. नव्या दाराची रुंदी आम्ही २७०० केली. आता इनोव्हा गेली तरी दोन्ही बाजूंना चाळीसच्या वर उरतात आणि काकांना आरसे मिटायला हात बाहेर काढावा लागणार नाही.

चढ मात्र कागदावर सुटत नव्हता. तो पाहायला आम्ही साइटवर गेलो. सहकारनगर पर्वती आणि तळजईच्या उतारावर वसलेलं. तिथला रस्ताही सपाट नाही, गेटच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतही वीतभर उतरतो. गवंडीमामांनी पाण्याची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक रस्त्यावर, दुसरं जुन्या जोत्याशी, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं. लेसरची यंत्रं आली तरी या नळीवर माझा जास्त विश्वास आहे. गेटच्या मध्यावर फरक नव्वद सेंटिमीटर निघाला, नकाशात होता तेवढाच. गेटपासून शटरपर्यंत अंतर साडेचार मीटर.

नव्वद भागिले साडेचारशे, म्हणजे १:५. पाच पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल वर. आकडा निरुपद्रवी वाटतो. व्हीलचेअरसाठी १:१२ लागतो. गाड्यांच्या रॅम्पला आम्ही सहसा १:१० धरतो, जागा नसेल तर १:८. १:५ म्हणजे सव्वाअकरा अंशांचा कोन. चढायला इंजिनाला अडचण नाही. अडचण टोकांना आहे, जिथे चढ संपतो आणि सपाटी सुरू होते.

हे मी काकांना कागदावर काढून दाखवलं. गाडीची पुढची चाकं गॅरेजच्या सपाटीवर पोचली आहेत, मागची अजून चढावर आहेत, आणि तो मोडलेला कोपरा बरोबर गाडीच्या पोटाखाली. दोन्ही चाकांचे टेकू जोडणारी रेघ काढली तर कोपरा तिच्या किती वर येतो? व्हीलबेसचा निम्मा, १२२५ मिलिमीटर, गुणिले चढाच्या निम्म्या कोनाचा टॅन्जंट. 1225 × tan 5.65° = 121. स्विफ्टचं पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटर. गाडी रिकामी असेल तर चार सेंटिमीटर अंतर राहतं. पण चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असतील तर स्प्रिंगा दबून पोट चार-पाच सेंटिमीटर सहज खाली येतं. मग घासणार की वाचणार हे नशिबावर.

यावर उपाय म्हणून दोन्ही टोकांना एकेक मीटरभर निम्मा उतार देतात, म्हणजे कोपरा एकदम मोडत नाही, दोन टप्प्यांत वळतो. पण जागा साडेचारच मीटर होती. दोन्ही टोकांचा मीटर-मीटर सौम्य केला की मधल्या अडीच मीटरला तो सगळा चढ गिळावा लागतो, आणि हिशेब केला तर मधला उतार १:४च्याही थोडा पलीकडे गेला. टोकं सुधारली, पोट बिघडलं. तिसरा मार्ग म्हणजे रॅम्प गेटबाहेर, फुटपाथवर काढायचा. पुण्यात गल्लोगल्ली हेच केलेलं दिसतं आणि पायी चालणाऱ्याला दर घरापाशी एक टेकडी चढावी लागते. चित्रात तो दाखवणं फार सोपं असतं, कारण चित्रात फुटपाथवरून कोणी चालत नसतं. मॅडमनी त्याला आधीच नाही म्हटलं होतं.

उत्तर काकूंनी दिलं, तेही पुन्हा चहा देताना. "जुन्या गॅरेजमध्ये आम्ही घरातून तीन पायऱ्या उतरून जायचो." बस. गॅरेजची जमीन घराच्या जोत्याला बांधलेली नव्हतीच कधी. नव्या नकाशात ती बांधली गेली होती, कारण तळमजला एका रेघेत काढणं सोपं. मॅडमनी गॅरेजची फरशी पंचेचाळीस सेंटिमीटर खाली घेतली. आतून घरात जायला पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या. आता रस्त्यापासून चढ उरला पंचेचाळीसच, साडेचार मीटरमध्ये. १:१०. पोटाखालचा कोपरा एकशे एकवीसवरून साठ-एकसष्टवर आला, टोकं सौम्य करायची गरजच उरली नाही. शिवाय खाली गेलेली जमीन वर उंची देऊन गेली. दार सात फुटांचं आठ फुटांचं झालं, वर डब्याला भरपूर जागा.

पाण्याचंही बघावं लागलं. चढ घराकडे आहे, तेव्हा पावसाचं पाणी रस्त्याकडेच जाणार हे ठीक. जिथे बंगले रस्त्याच्या खाली आहेत तिथे उलटं असतं. रस्त्यावर थरावर थर चढत जातात आणि एकेकाळी पायरी चढून जायचं घर पायरी उतरून जायचं होतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा या बाजूच्या सखल भागातल्या पार्किंगमधून गाड्या वाहून गेल्या होत्या. इथे राहणाऱ्या कोणालाही उताराची दिशा विचारावी लागत नाही. काकांच्या गॅरेजची फरशी शटरच्या रेषेपाशी बाहेरच्या कोब्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर ठेवली आणि शटर त्या पायरीच्या बाहेरच्या कडेला उतरवलं, म्हणजे पट्ट्यांवरून ओघळणारं पाणी आत न येता बाहेर पडतं. गेटच्या आत जाळीची आडवी चर घेतली. कोब्याला दोरीच्या आडव्या रेघा, चाक घसरू नये म्हणून. दोन सेंटिमीटरची ती पायरी चित्रात जेमतेम एक काळी रेघ म्हणून दिसते. पण ती नसली तर शटर जमिनीत खुपसल्यासारखं दिसतं.

मग मी चित्राला बसले. उतार फिरवताना पहिली चूक होते ती अंश आणि प्रमाणाच्या गोंधळाची. एकास दहा म्हणायचं असतं आणि Rotate मध्ये 10 टाइप होतं. दहा अंश म्हणजे जवळजवळ १:५.७, ज्यातून आम्ही आत्ताच सुटलो होतो तेच. एकास दहा म्हणजे फक्त ५.७ अंश. तिथे 1:10 असंच टाइप केलं तरी चालतं, तो समजून घेतो. गाडी फिरवायची ती चाक जिथे टेकतं त्या बिंदूभोवती, नाहीतर मागची चाकं कोब्यात रुततात आणि पुढची बोटभर हवेत राहतात. हवेतलं चाक सावलीने पकडलं जातं. टेकलेल्या टायरखाली सावली गडद आणि चिकटलेली असते, तरंगणाऱ्या टायरखाली तिची कड फिकट आणि सुटी होते. उलट माणसं आणि झाडं मात्र फिरवायची नाहीत. रॅम्पवर उभा माणूस जमिनीशी नव्हे, क्षितिजाशी काटकोनात असतो. घाईत मी एकदा सगळंच एकत्र निवडून फिरवलं, तेव्हा काकांच्या दारातला सोनचाफा वादळात सापडल्यासारखा दिसत होता.

एवढं केल्यावरही पहिल्या झटक्याला चढ दिसेना. १:१० समोरून बघितला की जवळपास सपाटच दिसतो. मी घाबरून तो वाढवणार होते, दिसण्यापुरता. हा मोह फार ओळखीचा आहे. मग लक्षात आलं की चढ एकटा कधीच दिसत नाही, त्याच्या शेजारी एखादी आडवी रेघ लागते. कंपाउंडच्या भिंतीचा माथा मी जमिनीबरोबर चढवत नेला होता, तो सपाट केला. आता तीच भिंत गेटपाशी दीड मीटर उंच आणि शटरपाशी जेमतेम एक मीटर. कॅमेरा समोरच्या फुटपाथवर, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवला आणि थोडा कडेला सरकवला. रस्ता अरुंद, मागे सरकायला जागा नाही, म्हणून भिंगाचा कोन रुंद घ्यावा लागला. तसा घेतला की कॅमेऱ्याजवळची गाडी फुगते. तेव्हा गाडी गेटपाशी न ठेवता वर, शटरजवळ नेली. आणि मग त्या पट्ट्याच कामाला आल्या. बत्तीस आडव्या, अगदी समतल रेघा, आणि त्यांच्यापुढे तिरकी उभी स्विफ्ट. सपाटीवर विसाव्या पट्टीला लागणारा टप, गाडी चढावर दोन-अडीच मीटर मागे असल्यामुळे, समोरून सरळ मोजला तर सतराव्या पट्टीच्या आसपास आला. तीन पट्ट्या खाली. म्हणजे तेवीस सेंटिमीटर. म्हणजे चढ बरोबर होता.

दुसरं चित्र घेऊन गेले तेव्हा काकांनी पुन्हा चष्मा वर सरकवला आणि मोजायला लागले. मी काही बोलले नाही. बत्तीसवर थांबले, मान हलवली, कागद काकूंकडे दिला. काकूंनी बराच वेळ बघितलं. नंबर प्लेटवरचं एमएच १२ बघितलं, तीन पायऱ्या कुठे म्हणून विचारलं, त्या आत आहेत हे ऐकून घेतलं.

"सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण एवढ्या चढावर गाडी लावलीय, मागच्या चाकाला दगड नाही लावलास?"

रात्री मी अर्धी वीट करून तिथे ठेवली. नऊ इंची विटेचा निम्मा तुकडा, एक कोपरा उडालेला.